चौथ्या बेडचे ४६० रियाल

मदीनेतल्या मर्कझिया भागात, म्हणजे मशिदे नबवीच्या अवतीभवतीच्या हॉटेलांत, उमराहला आलेले भारतीय यात्रेकरू मोठ्या संख्येनं उतरतात. त्यात मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, छत्रपती संभाजीनगर इथली कुटुंबंही असतात. त्यांच्या खोलीचे पैसे बहुतेक वेळा निघण्याआधीच टूरवाल्याकडे भरलेले असतात. त्यामुळे चेकआउटच्या वेळी काउंटरवरून अरबी छपाईची एक पट्टी पुढे आली आणि वर ‘एवढे रियाल द्या’ असं सांगितलं, की गोंधळ सुरू होतो. बस खाली उभी असते, वडीलधारे सामानापाशी बसलेले असतात, आणि कार्ड मशीनवर टेकवलं जातं. बिल वाचणं मग बसमध्ये होतं. वाचता येत असेल तर.

समजा, मालेगावचं एक कुटुंब आहे. आई-वडील, मुलगा आणि सून. चार रात्रींसाठी चौघांची एक खोली. बिलावर तीन ओळी आहेत: एक्स्ट्रा बेड, चार रात्री, दर १०० प्रमाणे ४०० रियाल, कपडे धुलाई ८०, रेस्टॉरंट १२०. बेरीज ६००, त्यावर १५ टक्के व्हॅट ९०, एकूण ६९०. जेवण खरं, धुलाई खरी. एक्स्ट्रा बेड मात्र कुणी मागितलेलाच नव्हता. घरी परतल्यावर मुलानं हॉटेलच्या मॅनेजरला पत्र लिहायचं ठरवलं, तर त्यात काय असावं आणि सोबत काय जोडावं, हा इथला विषय.

सौदी अरेबियात करबिल अरबीत असणं कायद्यानं बंधनकारक आहे. शेजारी इंग्रजी छापलं तरी चालतं, पण अरबी सोडता येत नाही. म्हणून छोट्या हॉटेलातल्या पट्टीवर कधीकधी फक्त अरबीच मजकूर मिळतो. ही पट्टी थर्मल कागदाची असेल तर शाई काही महिन्यांत फिकी पडते, गाडीच्या काचेखाली राहिली तर त्याआधीच. फोटो त्याच दिवशी काढलेला बरा. फ्लॅश नको, कारण चकचकीत कागदावर नेमका रकमेच्या जागी पांढरा डाग उमटतो. खिडकीजवळच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा फोटो हवा. पट्टी लांब असेल तर दोन फोटो, आणि मधल्या दोन-तीन ओळी दोन्हींत याव्यात. नाहीतर मधली एखादी ओळ मुद्दाम गाळली, अशी शंका घ्यायला जागा राहते.

मग भाषांतर. मोबाइलचा कॅमेरा धरला की अरबी शब्दांवर इंग्रजी शब्द चिकटतात, आणि शब्दांपुरतं ते बऱ्यापैकी असतं. घोळ होतो तो आकड्यांत आणि रकान्यांत. काही बिलांवर आपल्या ओळखीचे इंग्रजी आकडे असतात, काहींवर अरबी वळणाचे. त्या वळणात शून्य म्हणजे नुसता टिंब, पाच म्हणजे आपल्या शून्यासारखं वर्तुळ, आणि सहा बराचसा इंग्रजी सातासारखा. ६९० हा आकडा नवख्या डोळ्याला ‘७९ आणि पूर्णविराम’ असा दिसू शकतो. अक्षरं उजवीकडून डावीकडे चालली, तरी आकडा मात्र आपल्यासारखाच डावीकडून वाचायचा असतो. तक्त्याचे रकाने पुन्हा उजवीकडून: आधी वस्तूचं नाव, मग नग, मग दर, आणि अगदी डाव्या टोकाला रक्कम. फोननं रकाने सरकवून उचलले तर दराच्या जागी रक्कम आणि नगाच्या जागी दर येऊन बसतो. चार रात्रींचे ४०० हे मग एका रात्रीचे ४०० वाटतात, आणि तक्रार चुकीच्या पायावर उभी राहते.

खात्री करायला दोन वाटा आहेत. पहिली साधी बेरीज: ओळींची बेरीज, त्यावर १५ टक्के, आणि खालचा एकूण आकडा जुळला तर वाचन बरोबर. दुसरी वाट बिलाच्या तळाशी छापलेली असते. डिसेंबर २०२१ पासून सौदीत इलेक्ट्रॉनिक बिल सक्तीचं झालं आणि ग्राहकाला मिळणाऱ्या साध्या करबिलावर क्यूआर कोड आला. त्यात विक्रेत्याचं नाव, त्याचा व्हॅट क्रमांक, बिलाची तारीख-वेळ, करासह एकूण रक्कम आणि कराची रक्कम भरलेली असते. नेहमीच्या कॅमेऱ्यानं तो वाचला तर अक्षरांची निरर्थक माळ दिसते. सौदी कर खात्याच्या अ‍ॅपनं वाचला की तीच माहिती उलगडते. तिथं ६९० आणि ९० दिसले, की फोटोवरून लावलेल्या आकड्यांबद्दल वाद उरत नाही. व्हॅट क्रमांक १५ अंकी असतो आणि तीननं सुरू होऊन तीननंच संपतो. हाताने उतरवताना चूक झाली असेल तर इथंच कळते.

पण पत्राला हात घालण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि बरेच जण नेमका तोच टाळतात. हॉटेल खरंच चुकलंय का? मक्का-मदीनेत ‘चौघांची खोली’ ही बऱ्याचदा दोघांच्या किंवा तिघांच्या खोलीत जादा बेड टाकून केलेली असते. आरक्षण चौघांच्या खोलीचं असेल, तर तो बेड भाड्यातच धरलेला असतो, आणि काउंटरवरच्या माणसानं संगणकात तो वेगळा लावला तर चूक हॉटेलची. टूरवाल्यानं मात्र हॉटेलकडून तिघांची खोली घेऊन गिऱ्हाइकाला चौघांची म्हणून विकली असेल, तर हॉटेलचं बिल बरोबर आहे आणि भांडण मालेगावातल्या ऑफिसात जाऊन करायला हवं. टूरवाल्याच्या स्वतःच्या व्हाउचरवरून हे कळत नाही. त्यावर तो हवं ते छापू शकतो. हॉटेलनं टूरवाल्याला पाठवलेली आरक्षणाची पुष्टी मागून घ्यावी. तिच्यावर आरक्षण क्रमांक असतो, आणि खोलीच्या प्रकारापुढे ‘क्वाड’ किंवा अरबीत ‘रुबाइया’ लिहिलंय का ते बघावं. ही पुष्टी द्यायला टूरवाला टाळाटाळ करू लागला, तर पत्र कुणाला लिहायचं याचा अंदाज तिथंच येतो.

आपल्या कुटुंबाच्या पुष्टीवर ‘रुबाइया’ आहे, असं धरू. आता रक्कम. सहज सुचणारी मागणी ४०० रियालची, आणि तिथं ६० रियाल सुटतात. त्या ४०० वर १५ टक्के करही घेतला गेलाय. परत मागायचे ते ४६०, म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर. देणं खरं होतं ते २०० आणि त्यावरचा कर ३०, एकूण २३०. हे २३० आपल्याला मान्य आहेत, हे पत्रात स्वतःहून लिहावं. सगळंच बिल खोटं म्हणणाऱ्या पत्रापेक्षा एका ओळीवर बोट ठेवणारं पत्र मॅनेजर हिशेबनिसाकडे पटकन सरकवतो, कारण त्याला तपासायची असते ती एकच ओळ.

अरबी कार्यालयीन पत्राला स्वतःची घडण आहे. वर मॅनेजरला ‘मुदीर’ म्हणून आदरानं संबोधन, मग सलाम, मग विषय, मग थेट काम, आणि शेवटी आदराचं ठरीव वाक्य. विषयात ‘तक्रार’ घालण्यापेक्षा ‘बिलाच्या फेरतपासणीची विनंती’ असं लिहिलेलं बरं; काम तेच होतं, समोरचा मात्र आधीच बचावाला उभा राहत नाही. मुलाचं पत्र मराठीत असं होईल आणि मग ते अरबीत जाईल:

‘आदरणीय व्यवस्थापक महोदय, अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुह. विषय: बिलाच्या फेरतपासणीची विनंती. आम्ही चौघे १० ते १४ नोव्हेंबर या काळात आपल्याकडे खोली क्रमांक ६१२ मध्ये राहिलो. आरक्षण चौघांच्या खोलीचं होतं. आपल्याच पुष्टीची प्रत जोडली आहे (कागद २). बिलातल्या पहिल्या ओळीत एक्स्ट्रा बेडचे चार रात्रींचे ४०० रियाल लावले आहेत (कागद १). धुलाई व जेवणाची रक्कम करासह २३० रियाल आम्हाला मान्य आहे. पहिल्या ओळीचे ४०० आणि त्यावरचा कर ६०, असे ४६० रियाल ज्या कार्डावरून घेतले त्याच कार्डावर परत करावेत आणि मूळ बिलाच्या क्रमांकासह क्रेडिट नोट पाठवावी, ही विनंती. आपल्या कर्मचाऱ्यांनी आई-वडिलांची चांगली काळजी घेतली, त्याबद्दल आभार.’

वाक्यं आखूड ठेवण्यामागे कारण आहे. आपलं ‘जे बिल आम्हाला देण्यात आलं होतं त्यात जो बेड लावला गेला’ असं लांबलचक वाक्य यंत्राच्या हाती दिलं, की अरबीत कोणी कोणाला काय दिलं याचाच पत्ता लागत नाही. आखूड वाक्यात बिघडायला जागा कमी. झालेलं अरबी भाषांतर पुन्हा मराठीत उलटवून पाहावं, आणि निदान आकडे, तारखा नि ‘परत करावेत’ हे क्रियापद शाबूत आहे का एवढं तरी बघावं. मदरशात शिकलेलं किंवा आखातात नोकरी केलेलं कुणी गल्लीत असतंच; त्यांच्या नजरेखालून घालणं सगळ्यात उत्तम.

सोबतचं बिल दोन पानांवर जावं. पहिल्या पानावर मूळ फोटो, त्यावर काहीही न खरडता. ज्या फोटोवर फोननं इंग्रजी शब्द चिकटवलेत तो पाठवू नये. त्यात खालची मूळ अक्षरं झाकली जातात आणि मॅनेजरला आपलंच बिल ओळखू येत नाही. दुसऱ्या पानावर तक्ता: ओळ क्रमांक, बिलावरचे अरबी शब्द जसेच्या तसे, आपण लावलेला अर्थ, रक्कम. यातून मॅनेजरला कळतं की पाहुण्यानं ओळ नीट वाचलीय. ओळीचा अर्थ लावण्यात आपलीच चूक असेल, तर ती कुठे झाली तेही त्याला लगेच दाखवता येतं. बिलावर हिजरी तारीख असेल तर तीही तशीच उतरवावी आणि पत्रात इंग्रजी तारखेशेजारी लिहावी.

क्रेडिट नोट मागण्यामागे सौदी नियमच आहे. एकदा निघालेलं इलेक्ट्रॉनिक बिल हॉटेलला पुसता किंवा बदलता येत नाही. चूक दुरुस्त करायची तर मूळ बिलाचा क्रमांक देऊन क्रेडिट नोट काढावी लागते, तिला अरबीत ‘इश्आर दाइन’ म्हणतात. म्हणून ‘बिल दुरुस्त केलंय, निश्चिंत राहा’ एवढंच उत्तर आलं, तर काम झालेलं नाही असं समजावं. नोटवर ४६० ही रक्कम, त्यातला ६० रियाल कर आणि मूळ बिलाचा क्रमांक असायला हवा.

पहिल्या पत्रात धमकी नको. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या पत्रात सौदी पर्यटन मंत्रालयाच्या ९३० या तक्रार क्रमांकाचा उल्लेख करता येतो. आपल्या बँकेकडे कार्डाच्या व्यवहाराबद्दल वाद नोंदवण्याचा मार्गही असतो, पण त्याला मुदत असते आणि बँक आधी विचारते की दुकानदाराशी बोललात का. तेव्हा पहिल्या पत्राची तारखेसह प्रत कामी येते. पैसे रोख दिले असतील तर हा मार्ग बंद, आणि मग बिलावर ‘रोख’ असं छापलंय का ते तेवढं तपासून घ्यावं.

कार्डावर पैसे परत आले की रुपयांतला आकडा कापल्या गेलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. दोन दिवशी रियालचा दर वेगळा असतो, आणि परदेशी व्यवहाराचं शुल्क बँक परत करतेच असं नाही. हिशेब रियालमध्ये करावा: ४६० गेले, ४६० आले. उरलेला फरक बँकेचा, त्यासाठी मदीनेला दुसरं पत्र लिहिण्यात अर्थ नाही.