विठ्ठलाच्या पायांपर्यंत

पंढरपुरात पहिल्यांदा येणाऱ्याने आधी रांग निवडायची असते. मुखदर्शनाच्या रांगेतून विठोबा थोड्या अंतरावरून दिसतो आणि वेळ कमी लागतो. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेतून थेट पायांवर डोकं टेकवता येतं; आषाढीला मात्र ही रांग गोपाळपूरच्या दिशेने लांबवर जाते. सोबत वयस्कर माणूस असेल, तर मुखदर्शनच बरं.

महाद्वारातली नामदेव पायरी ओलांडून जायची. तिच्यावर पाय ठेवत नाहीत, कारण संतांची पायधूळ लाभावी म्हणून नामदेवांनी तिथे समाधी घेतली, अशी श्रद्धा आहे.

विठोबाला तुळशीची माळ आणि बुक्का पुरतो. मूर्तीची झीज थांबवण्यासाठी तिच्यावर वज्रलेप करावा लागला आहे, तेव्हा पायांवर काही ओतू किंवा चोळू नये. कपडे अंगभर आणि वाकता येईल असे हवेत. पदर, ओढणी आधीच खोचून घ्यावी.

रांगेत नामस्मरण खुशाल चालावं. गाभाऱ्यात मात्र हाती काही क्षणच असतात. मागणं रांगेतच मनाशी ठरवावं, वाकावं, कपाळ टेकवावं आणि लगेच पुढे सरकावं. तिथे एकजण रेंगाळला की मागची सगळी रांग थांबते.