बेअरिंगं किती, आणि कधी?

एका पंपाच्या कारखान्याचा हिशेब मांडून पाहू. आठव्या आठवड्यात 100 पंप द्यायचे आहेत. प्रत्येक पंपात एक रोटर आणि प्रत्येक रोटरला दोन बेअरिंगं. म्हणजे 200 बेअरिंगं लागणार. स्टोअरमध्ये 40 आहेत, तेव्हा 160 मागवा, असं कोणीही सांगेल. पण हा हिशेब चुकीचा आहे.

कारण 20 पंप तयार होऊन गोदामात पडले आहेत आणि 30 रोटर जुळवून ठेवलेले आहेत. या पन्नासांच्या पोटात 100 बेअरिंगं आधीच बसलेली आहेत. ती रॅकवर दिसत नाहीत, एवढंच. म्हणून सुट्या भागांची यादी (कारखान्यात तिला ‘बीओएम’ म्हणतात) एकदम तळापर्यंत फोडायची नसते. पायरीपायरीने उतरायचं, आणि प्रत्येक पायरीवर हातातला साठा वजा करायचा.

100 मधून 20 गेले, 80 पंप जोडायचे. जोडणीला एक आठवडा लागतो, म्हणजे सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला 80 रोटर हवेत. 30 आहेत, 50 करायचे. त्याला दोन आठवडे लागतात, म्हणून पाचव्यात काम सुरू व्हायला हवं आणि तेव्हा 100 बेअरिंगं हाताशी हवीत. 40 आहेत. राहिली 60. पुरवठादार तीन आठवडे घेतो, तर ऑर्डर दुसऱ्या आठवड्यात.

हे गणित संगणकावर चढवून त्याची रीतसर पद्धत घडवणाऱ्यांत आयबीएमचे जोसेफ ऑर्लिकी हे ठळक नाव. 1975 साली त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं. त्याआधीची सरसकट रीत म्हणजे साठा ठरावीक रेषेखाली गेला की मागवणं. ऑर्लिकींचं म्हणणं असं, की पंपाच्या मागणीचा अंदाज करावा लागेल. बेअरिंगची मागणी मात्र त्यातून मोजून निघते, मग तिचा अंदाज कशाला?

एक खोच आहे. तेच बेअरिंग सुटा भाग म्हणूनही विकलं जात असेल, किंवा दुसऱ्या पंपातही जात असेल, तर संगणकाला थांबावं लागतं. सगळीकडची मागणी खाली उतरेपर्यंत बेअरिंगची वजाबाकी करायची नाही. नाहीतर तीच 40 दोनदा वापरली जातात.

गिऱ्हाईक दोन आठवडे आधी माल मागू लागलं, तर? आज पहिला आठवडा चालू असेल, तर ऑर्डरची तारीख गेल्या आठवड्यात जाते. ऑर्डरींच्या यादीत अशी उलटून गेलेली तारीख दिसली, की वचन मोडणार हे तेव्हाच कळतं. जोडणीच्या बाकावर माणसं मोकळी आहेत का, हे मात्र या गणिताला ठाऊकच नसतं.

सगळ्यात वाईट दगा साठ्याच्या नोंदीचा. कागदावर 40, रॅकवर 25. यादीत काहीच लाल होत नाही. पाचव्या आठवड्यात 60 येतात, 42 रोटर होतात, एक बेअरिंग उरतं, आणि आठ रोटरांसाठी पुन्हा तीन आठवडे. म्हणून जाणता स्टोअरकीपर महिनाअखेरची वाट पाहत नाही. रोज चार-दोन खणांतला माल मोजून कार्डाशी ताडतो.