पेरावे की पेरले जाईल?

बिलावर ‘देय रक्कम’ असे छापलेले असते. ती रक्कम कोणी भरेल की नाही, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. ग्राहक उद्या भरेल किंवा कधीच भरणार नाही, तरीही रक्कम देयच राहते. संस्कृतातल्या ‘दा’ या धातूपासून झालेला हा शब्द पुढे काय घडेल ते सांगत नाही. तो काय करणे बांधील आहे ते सांगतो.

असे शब्द मराठीत भरपूर आहेत: कर्तव्य, त्याज्य, पूजनीय, ज्ञेय. धातूला -तव्य, -अनीय किंवा -य लावून ते तयार होतात. शाळेत आपण यांना विध्यर्थी धातुसाधित विशेषणे म्हणतो. इंग्रजीतल्या अनेक संस्कृत व्याकरणांत मात्र लॅटिनच्या वळणावर यांना ‘भविष्यकालीन कर्मणि विशेषण’ असे नाव मिळाले. १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटनी यांच्या गाजलेल्या व्याकरणातही ते दिसते. त्या नावामुळे शिकणाऱ्याचा हात सहज घसरतो आणि ‘कर्तव्यम्’चा अर्थ ‘केले जाईल’ असा लिहिला जातो. उपदेशाच्या श्लोकात ही चूक फार महाग पडते, कारण आज्ञेचे भाकीत होऊन बसते.

उदाहरणासाठी शेतीच्या सल्ल्याचा एक साधा अनुष्टुभ रचून पाहू:

वपनीयानि बीजानि रक्षितव्यानि पक्षितः ।
पक्वं फलं सदा ग्राह्यम् अपक्वं नैव कर्षकैः ॥

बी पेरावे, पक्ष्यांपासून राखावे. शेतकऱ्यांनी नेहमी पिकलेले फळ घ्यावे, कच्चे मुळीच घेऊ नये. या दोन ओळींत तिन्ही प्रत्यय आले आहेत: वपनीय, रक्षितव्य आणि ग्राह्य. अर्थाने तिघे इथे एकाच पंक्तीत बसतात. वृत्ताच्या दृष्टीने मात्र त्यांची लांबी वेगळी आहे. ‘ग्राह्य’ दोन अक्षरांत संपतो, तर ‘ग्रहीतव्य’ला चार लागतात. त्यामुळे श्लोक रचणाऱ्याला चरणात जशी जागा असेल तसा शब्द निवडता येतो.

आता रूपे पाहू. ‘वपनीयानि’ नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे, कारण ‘बीजानि’ तसे आहे. ‘ग्राह्यम्’ एकवचनी आहे, कारण ‘फलम्’ एकवचनी आहे. करणाऱ्याशी या शब्दाचे रूप जुळत नाही, ज्याच्यावर क्रिया व्हायची त्याच्याशी जुळते. करणारा ‘कर्षकैः’ असा तृतीयेत, म्हणजे ‘शेतकऱ्यांनी’ या रूपात, बाजूला उभा राहतो. तृतीयेऐवजी षष्ठीही चालते, तशी सोय पाणिनीने दिली आहे. करणाऱ्याचा उल्लेख गाळला तरी वाक्य पुरे होते. वरच्या पहिल्या ओळीत तो नाहीच, आणि म्हणून ती सूचना पेरणाऱ्या प्रत्येकाला लागू होते. उपदेशपर श्लोकांना ही रचना एवढी सोयीची का वाटते, त्याचे एक कारण हेच आहे.

हेच भविष्यकाळात सांगायचे तर ‘बीजानि वप्स्यन्ते’ म्हणावे लागेल, म्हणजे बी पेरले जाईल. ते विधान खरे किंवा खोटे ठरू शकते. पाऊस लांबला आणि पेरणी झालीच नाही, तर ते खोटे ठरेल. ‘बीजानि वपनीयानि’ मात्र पेरणी न झाल्याने खोटे ठरत नाही. उलट, पेरायला हवे होते आणि पेरले नाही, असा दोष त्याच वाक्याच्या आधारे दाखवता येतो. नकार जोडला की फरक आणखी ठळक होतो. ‘अपक्वं न ग्राह्यम्’ हा मनाईहुकूम आहे, कच्चे फळ कोणी तोडणार नाही अशी खात्री नव्हे. भगवद्गीतेच्या १८व्या अध्यायातल्या ५व्या श्लोकात यज्ञ, दान आणि तप यांच्याविषयी ‘त्याज्य’ नकारासह आणि ‘कार्य’ होकारासह येतो. तिथे भविष्यकाळ लावला तर ‘लोक ही कर्मे सोडणार नाहीत’ असा अंदाज हाती येतो. मग ती सोडावीत की करावीत, हा ज्या वादाचा निर्णय श्लोक देतो, तो वादच नाहीसा होतो.

पाणिनीने ही गल्लत होऊ दिलेली नाही. अष्टाध्यायीत भविष्यकाळाचे प्रत्यय वेगळे आहेत आणि या प्रत्ययांना ‘कृत्य’ असे स्वतंत्र नाव आहे. तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात त्यांचे अर्थ दिले आहेत: आज्ञा, परवानगी, योग्य वेळ येणे, लायक असणे, अवश्य करावे लागणे, शक्य असणे आणि ऋण देणे लागणे. बिलावरचे ‘देय’ या शेवटच्या अर्थातले आहे.

या यादीतून एक मर्यादाही कळते. प्रत्येक कृत्य-रूपात हुकूम नसतो. ‘स्तुत्य उपक्रम’ म्हणजे स्तुतीला पात्र असा उपक्रम. त्याची स्तुती करण्याची सक्ती कोणावर नाही. ‘भू’ धातूच्या ‘भवितव्यम्’मध्ये अनेकदा तर्क असतो: धूर दिसतो, तेव्हा तिथे अग्नी असलाच पाहिजे. कुठे आज्ञा आणि कुठे पात्रता, यावरून मोठे वादही झाले आहेत. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगताना द्रष्टव्य, श्रोतव्य अशी रूपे वापरतो. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य म्हणतात की ती वचने विधीसारखी दिसतात, पण खरे विधी नव्हेत. बाहेर धावणारे मन आत्म्याकडे वळवणे हे त्यांचे काम आहे. वाद एवढा सूक्ष्म असूनही ‘आत्मा पाहिला जाईल’ असा सरळ भविष्यकाळ हा त्यातला पक्ष नव्हता.

मराठी वाचकाजवळ या रूपांची किल्ली आधीपासूनच आहे. -तव्यचे प्राकृतात -अव्व झाले आणि त्यातून मराठीचे -आवा, -आवी, -आवे आले. नुसता प्रत्यय आला नाही, वाक्याची घडणही आली. दिवा लावावा, पणती लावावी, दिवे लावावेत: क्रियापद दिव्यापणतीशी जुळते आणि लावणारा ‘मुलांनी’ असा तृतीयेत राहतो. कर्म नसेल तर ‘मुलांनी इथे बसावे’ असे नपुंसकलिंगी एकवचन येते, अगदी ‘बालैः अत्र उपवेष्टव्यम्’प्रमाणे. हाच प्रत्यय बंगालीत आणि भोजपुरीत जाऊन खरोखर भविष्यकाळाचा झाला. बंगालीतल्या ‘कोरबो’चा अर्थ ‘करीन’ असा आहे. करायचे आहे म्हणजे पुढे होईल, अशी अर्थाची सरक तिकडे पूर्ण झाली. मराठीने भविष्यकाळ वेगळ्या प्रत्ययांनी साधला आणि -आवामध्ये जुने बंधन टिकवले.

म्हणून श्लोकात असे रूप भेटले की आधी ते कशाशी जुळते ते पाहावे, मग तृतीयेतला किंवा षष्ठीतला कर्ता शोधावा, आणि अर्थ लावताना पहिल्यांदा -आवा घालून बघावा. तो बसला नाही तर ‘-ण्याजोगे’, मग ‘-ता येण्यासारखे’, आणि ‘भवितव्यम्’ असेल तर ‘असलेच पाहिजे’. -ईल या यादीत नाही.