एका लॅपटॉपवर दोन सिस्टिम्स: गेम अडखळेल का?

विंडोजशेजारी उबंटू टाकलं तर गेम मंदावेल का, असं एका गेमरनं विचारलंय. नाही. सुरू करताना तुम्ही एकच सिस्टिम निवडता. दुसरी डिस्कवर नुसती पडून असते. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, काहीच वाटलं जात नाही. वाटली जाते ती फक्त जागा.

१ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ९३१ जीबी दिसते. गेम विंडोजवरच खेळणार असाल, तर उबंटूला १०० जीबी पुरे. बाकी सगळी विंडोजला. हात आखडू नका, कारण नंतर भिंत सरकवणं कटकटीचं असतं. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग घसरतो, म्हणून थोडी जागा मोकळी ठेवा. विंडोजचा भाग `diskmgmt.msc` मधून आक्रसा, पण आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा.

गेमचा एकच फोल्डर दोघांत वापरायचा मोह टाळा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर उबंटूला ते पार्टिशन बहुधा फक्त वाचता येतं. आणि उबंटूसाठी सिक्युअर बूट बंद करू नका. ते चालू असतानाही उबंटू चालतं. बंद केलंत तर विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडणारच नाही.