बेरीज जुळली, नावे चुकली

परीक्षकाकडून आलेली गुणांची यादी आणि कार्यालयात संगणकावर तयार झालेली यादी यांचा मेळ घालताना आपण सहसा दोन गोष्टी पाहतो: एकूण विद्यार्थी सारखे आहेत का आणि गुणांची बेरीज जुळते का. या दोन्ही कसोट्या उतरल्या, तरी एखादा मुलगा दुसऱ्याच्या गुणांवर पास झालेला असू शकतो. हे कसे घडते ते पाहू.

निलंग्यातील एका शाळेची सराव परीक्षा झाली असे समजा. शंभरपैकी ३५ गुणांना उत्तीर्ण. यादीतला हा तुकडा अर्थातच कल्पित आहे.

| परीक्षकाची यादी | कार्यालयाची यादी |
|---|---|
| ४१२ बिराजदार रेणुका, ६१ | ४१२ बिराजदार रेणुका, ६१ |
| ४१३ जाधव सुनीता, ७८ | ४१३ कांबळे संतोष, ७८ |
| ४१४ कांबळे संतोष, ३१ | ४१४ जाधव सुनीता, ३१ |
| ४१५ शेख आयेशा, ५५ | ४१५ शेख आएशा, ५५ |
| ४१६ सूर्यवंशी गणेश, ४९ | ४६१ सूर्यवंशी गणेश, ४९ |

दोन्हीकडे पाच विद्यार्थी, बेरीज २७४, चार उत्तीर्ण. क्रमांकासमोरचे गुण ताडून पाहिले तरी ४१३ आणि ४१४ बिनचूक दिसतात. फक्त सुनीता नापास झाली आहे!

म्हणून क्रमांक आणि नाव या दोन स्वतंत्र खुणा मानून दोन फेऱ्या कराव्या लागतात. त्याआधी प्रत्येक यादीत एकच क्रमांक दोनदा आला आहे का हे पाहावे. वरचा ४६१ हा क्रमांक दुसऱ्या कोणा मुलाचा असेल, तर तो कार्यालयाच्या यादीत दोनदा सापडेल आणि पुढचे काम सोपे होईल.

पहिल्या फेरीत क्रमांक धरून नावे ताडायची. येथे ४१६ आणि ४६१ हे दोन क्रमांक जोडीदाराविना उरतात. ही चूक स्वतःच ओरडून सांगते. शेजारचे दोन अंक उलटे होणे हा हाताने क्रमांक लिहितानाचा नेहमीचा प्रकार आहे. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक अशाच चुका पकडण्यासाठी असतो. आपल्या हजेरी क्रमांकांना तशी सोय नसते. खरी धोक्याची जोडी ४१३-४१४ आहे, कारण तेथे क्रमांक दोन्हीकडे आहेत, फक्त माणसे बदलली आहेत.

दुसऱ्या फेरीत नाव धरून क्रमांक ताडायचे. सुनीता एकीकडे ४१३ आणि दुसरीकडे ४१४ वर सापडली की अदलाबदल पक्की होते. मात्र नावांना दोन खोडी असतात. ‘आयेशा’ आणि ‘आएशा’ ही एकच मुलगी आहे, हे यंत्राला कळत नाही. रोमन लिपीत तर `BIRAJDAR` आणि `BIRAJADAR` दोन्ही सर्रास दिसतात. उलट, एका वर्गात दोन रेणुका बिराजदार असू शकतात. तेथे वडिलांचे आणि आईचे नाव लावून पाहावे.

कधी एका ओळीपासून खालची सगळीच नावे चुकलेली दिसतात. घाबरू नये, चुका पन्नास नाहीत, एकच आहे. गैरहजर मुलाची ओळ एका रकान्यातून गळली आणि खालचे सगळे एक घर वर सरकले. प्रत्येक नाव दुसऱ्या यादीत बरोबर एक घर वर सापडते, ही त्याची खूण.

संगणकावर पहिली फेरी या सूत्राने होते:

```
=VLOOKUP(A2,Sheet2!A:C,2,FALSE)
```

यातला शेवटचा `FALSE` गाळू नये. तो नसेल, तर क्रमांक न सापडल्यास यंत्र गप्प बसत नाही. यादी क्रमाने लावलेली असेल, तर ते त्याहून लहान असा जवळचा क्रमांक घेऊन त्याच्यासमोरचे नाव देते, म्हणजे दुसराच मुलगा! तसेच एका यादीत क्रमांक अंक म्हणून आणि दुसरीत मजकूर म्हणून साठवले असतील, तर दिसायला सारखे असूनही एकही जुळत नाही. सगळेच गहाळ दिसले की आधी हीच शंका घ्यावी.

तफावत सापडली, पण खरी यादी कोणती? हे दोन याद्या मिळून सांगू शकत नाहीत. त्यासाठी तिसरा साक्षीदार हवा: परीक्षागृहात मुलांनी स्वतः सही केलेला हजेरीपट आणि उत्तरपत्रिका. त्यावर ४१३ समोर सुनीताची सही असेल, तर कार्यालयाची यादी दुरुस्त करावी.

कार्यालयाची यादी परीक्षकाच्याच यादीवरून उतरवलेली असेल, तर मूळची चूक दोन्हीकडे सारखीच उतरते आणि दोन्ही फेऱ्या निर्दोष पार पडतात. अशा वेळी नावांची यादी प्रवेश नोंदवहीवरून वेगळी काढून मगच ताडावी.