चिल्ड बीम : पाण्याचे तापमान आणि दवबिंदूची मर्यादा

मागील लेखांकातील फॅन कॉइल यंत्रणेत कॉइलमधून ६-७ अंश सेल्सियसचे पाणी फिरते, हवेतील बाष्पाचे कॉइलवर पाणी होते आणि ते पाणी खालच्या ट्रेमधून निचरा नळीवाटे बाहेर जाते. चिल्ड बीममध्ये मात्र पंखा नसतो, ट्रे नसतो आणि निचरा नळीही नसते. छतात बसवलेल्या या लांबट पेटीत तांब्याच्या नळ्या व ॲल्युमिनियमच्या पात्यांची कॉइल असते. सक्रिय प्रकारच्या बीममध्ये बाहेरून आणलेली, आधीच कोरडी केलेली हवा लहान नोझलांमधून वेगाने सोडली जाते आणि त्या झोतामागे निर्माण होणाऱ्या कमी दाबामुळे खोलीतील हवा कॉइलमधून ओढली जाऊन थंड होते. साधारणपणे नोझलमधून येणाऱ्या हवेच्या दोन ते चार पट हवा अशा रीतीने फिरते. ही सर्व रचना कॉइल कोरडी राहील या एकाच गृहीतावर उभी असल्यामुळे चिल्ड बीमची रचना म्हणजे प्रथम बाष्पाचा हिशेब असतो आणि मगच थंडाव्याचा.

खोलीतील उष्णतेचे दोन भाग पडतात. दिवे, संगणक, ऊन आणि माणसांची शरीरे यांच्यामुळे हवेचे तापमान वाढते, ती संवेद्य उष्णता. श्वास व घाम यांवाटे हवेत मिसळणाऱ्या बाष्पात दडलेली, ती अप्रकट उष्णता. चिल्ड बीमची कॉइल फक्त पहिलीचा भार उचलते. दुसरीचा संपूर्ण भार बाहेरील हवेसाठीच राखलेल्या स्वतंत्र यंत्रणेवर पडतो. ही यंत्रणा बाहेरची हवा गाळते, खोल थंड करून तिच्यातील बाष्प काढते आणि खोलीत सोडते. खोलीतील हवा ज्या तापमानाला संपृक्त होऊन तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते, ते दवबिंदू तापमान होय. कॉइलमध्ये शिरणारे पाणी त्याहून थंड झाले, तर पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्यावर जे घडते तेच छतात घडते, फरक एवढाच की खाली कागदपत्रे आणि संगणक असतात. येथे सापेक्ष आर्द्रतेपेक्षा दवबिंदूवर लक्ष ठेवणे श्रेयस्कर असते, कारण खोलीचे तापमान एखादा अंश वर-खाली झाले की सापेक्ष आर्द्रता बदलते, पण हवेतील बाष्प तेवढेच असेल तर दवबिंदू हलत नाही.

मुंबईतील १०० चौरस मीटरचे, १० माणसांचे एक कार्यालय उदाहरणादाखल घ्यावे. खोली २४ अंशांवर आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेवर ठेवायची असेल, तर एक किलो कोरड्या हवेमागे सुमारे ९.३ ग्रॅम बाष्प असेल आणि दवबिंदू सुमारे १३ अंश येईल. बसून काम करणारा माणूस तासाला अंदाजे ८० ग्रॅम बाष्प सोडतो, म्हणजे दहा जणांचे ८०० ग्रॅम. ‘ॲशरे ६२.१’ या मानकानुसार कार्यालयात माणशी २.५ आणि दर चौरस मीटरला ०.३ लिटर प्रति सेकंद हवा द्यावी लागते. तो हिशेब येथे ५५ लिटर प्रति सेकंद होतो. एवढ्याच हवेने ८०० ग्रॅम बाष्प वाहून न्यायचे, तर ती हवा प्रति किलो ६ ग्रॅमपेक्षाही कोरडी, म्हणजे ६.४ अंश दवबिंदूची असावी लागते, आणि ६-७ अंशांच्या पाण्यावर चालणाऱ्या कॉइलकडून ते शक्य नसते. म्हणून श्वसनासाठी लागणाऱ्या हवेपेक्षा अधिक, येथे १०० लिटर प्रति सेकंद हवा घ्यावी लागते; तेवढ्या हवेला ७.४५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे ९.६ अंश दवबिंदूपर्यंत कोरडे केले तरी पुरते. हवेचे प्रमाण माणसांच्या गरजेवरून ठरवून थांबणे ही या यंत्रणेच्या आराखड्यातील सर्वांत महाग पडणारी चूक होय.

आता थंडावा. या कार्यालयाचा संवेद्य भार ७ किलोवॉट धरला आणि कोरडी हवा १४ अंशांवर सोडली, तर ती सुमारे १.२ किलोवॉट उचलते, उरलेले ५.८ किलोवॉट पाण्याच्या वाट्याला येतात. पाणी १५ अंशांवर आत व १८ अंशांवर बाहेर ठेवल्यास त्याचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ७.५ अंशांनी कमी राहते, आणि दर मीटरला ३०० वॉटच्या हिशेबाने २.४ मीटर लांबीचे ८ बीम लागतात. १५ अंशांऐवजी १४ अंशांचे पाणी वापरले असते तर हा फरक ८.५ अंशांचा झाला असता, बीम एखादा कमी लागला असता. पण दवबिंदूपासूनचे २ अंशांचे अंतर एका अंशावर आले असते. त्यातच भिंतीवरील आर्द्रतामापकाची चूक ३ टक्क्यांची असली तरी दवबिंदूच्या गणितात ती जवळजवळ एका अंशाची ठरते, म्हणजे ते उरलेले अंतर कागदावरच राहिले असते. एका बीमची बचत एवढ्या किमतीला घेणे योग्य नव्हे.

या दोन अंशांच्या अंतरात काय मावते, हे पाहण्यासारखे आहे. त्याच खोलीत बैठकीसाठी १६ माणसे जमली, तर स्थिर स्थितीत दवबिंदू १४.६ अंशांवर जातो आणि पाणी अद्याप सुरक्षित असते. २० माणसे जमली, तर तो १५.७ होतो आणि नळीवर थेंब धरू लागतात. यापेक्षा अधिक विचार करायला लावणारा परिणाम खिडकीच्या फटीचा आहे. जुलैत मुंबईच्या बाहेरील हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो आणि तिच्यात प्रति किलो सुमारे २० ग्रॅम बाष्प असते. अशी हवा केवळ २० लिटर प्रति सेकंद एवढी आत शिरली, तरी दवबिंदू जवळजवळ तेवढाच, १५.६ अंशांवर पोहोचतो. एक फट दहा माणसांइतके काम करते. त्यामुळे खोलीतून बाहेर काढली जाणारी हवा आत सोडल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी कमी ठेवून इमारतीत किंचित धन दाब राखणे, खिडक्या न उघडणाऱ्या किंवा संवेदक बसवलेल्या ठेवणे आणि प्रवेशदालनासारख्या सतत उघड्या जागी चिल्ड बीम न लावणे, या गोष्टी पाण्याच्या तापमानाइतक्याच आराखड्याचा भाग ठरतात.

थेंब प्रथम पात्यांवर क्वचितच दिसतात. पात्यांवर खोलीची उबदार हवा वाहत असल्याने त्यांचे तापमान पाण्यापेक्षा काहीसे वर राहते, तर पुरवठ्याची नळी, झडप आणि जोड हे पाण्याच्या तापमानाच्या अगदी निकट असतात. म्हणून पुरवठा नळी उष्णतारोधक आवरणात, जोडांसह अखंड झाकली जाते आणि ओलावा ओळखणारा संवेदक तेथेच बसवला जातो. तो ओला होताच त्या विभागाची झडप बंद व्हावी. ही झाली शेवटची तटबंदी. त्याआधी मुख्य नियंत्रकाने विभागांतील सर्वांत वरचा दवबिंदू वाचून पाण्याचे तापमान त्यापेक्षा एक अंश तरी वर ठेवावे लागते, आणि बीमचे पाणी ६-७ अंशांच्या मुख्य पाण्यापासून उष्णता विनिमयकाने वेगळ्या केलेल्या किंवा मिश्रण-झडपेने नियंत्रित अशा स्वतंत्र परिपथात फिरावे लागते, अन्यथा मुख्य पाण्यात झालेला प्रत्येक चढउतार थेट छतापर्यंत जातो.

सोमवारची सकाळ हा या यंत्रणेचा सर्वांत कठीण काळ असतो. सुट्टीत बंद राहिलेल्या खोलीत प्रति किलो १५ ग्रॅम बाष्प साठले असेल, तर १५ अंशांचे पाणी सुरक्षितपणे सोडण्यासाठी ते १०.६ ग्रॅमच्या खाली यायला हवे. ३०० घनमीटर खोलीत १०० लिटर प्रति सेकंद कोरडी हवा सोडली, तर खोलीच्या घनफळाएवढी हवा आत यायला ५० मिनिटे लागतात, आणि आवश्यक घट व्हायला गणिताने सुमारे ४४ मिनिटे. गालिचे, कागद आणि फर्निचर यांत मुरलेला ओलावा हळूहळू परत हवेत येत असल्याने प्रत्यक्षात वेळ याहून जास्त धरावा लागतो. म्हणून माणसे येण्याच्या तासाभराहून आधी फक्त कोरड्या हवेची यंत्रणा सुरू केली जाते, आणि बीमची झडप घड्याळ पाहून नव्हे, तर खोलीचा मोजलेला दवबिंदू पाण्याच्या तापमानाखाली उतरल्यावरच उघडते.