एका ओळीचा सर्व्हर

ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल सुरू झालं की वर्गातल्या प्रत्येकाला उबुंटूची आयएसओ फाईल हवी असते. २४.०४ ही डेस्कटॉप आवृत्ती घ्या, तर ती सुमारे ६ जीबीची. मोबाईलच्या पॅकमध्ये रोज दीड जीबी मिळत असेल, तर एका फाईलपायी चार दिवसांचा डेटा संपतो. पेनड्राइव्ह FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर तो ४ जीबीपेक्षा मोठी फाईल घेतच नाही, मग आत ३२ जीबी जागा रिकामी का असेना. घेतली तरी पेनड्राइव्ह एका वेळी एकाच्याच हातात असतो. वर्गातल्या एका लॅपटॉपवर ती फाईल आधीच उतरलेली असते आणि सगळे एकाच वायफायवर असतात. पायथॉन असलेल्या त्या लॅपटॉपमध्ये एक छोटा वेब सर्व्हरही तयार असतो. त्याचं नाव http.server.

तो सुरू करायला काही बसवावं लागत नाही. वाटायच्या फाइलींसाठी एक वेगळा फोल्डर करायचा, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जायचं आणि एक ओळ टाइप करायची:

```
cd ~/vatap
python3 -m http.server 8000
```

विंडोजवर `python3`च्या जागी बहुधा `py` लिहावं लागतं. `-m` म्हणजे पायथॉनसोबत आलेला हा मॉड्यूल थेट चालव, आणि ८००० हा पोर्टचा क्रमांक. तो दिला नाही तरी ८०००च धरला जातो. लगेच पडद्यावर उत्तर येतं, `Serving HTTP on 0.0.0.0 port 8000`, आणि नवखे इथेच चुकतात. `0.0.0.0` हा मित्राला सांगायचा पत्ता नव्हे. या लॅपटॉपच्या सगळ्या पत्त्यांवर मी ऐकतो आहे, एवढंच सर्व्हर सांगतो. खरा पत्ता लिनक्सवर `hostname -I` ने आणि विंडोजवर `ipconfig` ने मिळतो. तो बहुधा `192.168` किंवा `10` ने सुरू होतो. समजा तो `192.168.1.7` निघाला, तर बाकीच्यांनी ब्राउझरमध्ये `http://192.168.1.7:8000/` लिहायचं. फोल्डरातल्या फाइलींची साधी यादी दिसते, नावावर क्लिक केलं की डाउनलोड सुरू. घेणाऱ्याकडे पायथॉन नसलं तरी चालतं, फोनसुद्धा चालतो. इंटरनेट बंद असलं तरी काही अडत नाही, कारण फाईल कॉलेजच्या बाहेर जातच नाही.

हे यंत्र जुनं आहे. `-m` ही सोय २००४ सालच्या पायथॉन २.४ मध्ये आली आणि तेव्हापासून `python -m SimpleHTTPServer` ही ओळ अनेकांच्या बोटांत बसली. २००८ मध्ये पायथॉन ३ आलं, तेव्हा त्याचं http.server झालं. तरी बराच काळ त्याची एक मोठी अडचण होती: एका वेळी एकाच मागणीला तो उत्तर देई. पहिल्याची ६ जीबीची फाईल पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये नुसतं चक्र फिरत राही. त्याहून त्रासाचा प्रकार म्हणजे काही ब्राउझर पुढे लागेल म्हणून एखादी जोडणी आधीच उघडून ठेवतात आणि त्यावर काहीच मागत नाहीत. जुना सर्व्हर त्या मुक्या जोडणीपाशीच अडून बसे. २०१८ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून तो प्रत्येक जोडणीसाठी वेगळा धागा उघडतो, आणि दहा जण एकाच वेळी घेऊ शकतात. म्हणून लॅबमधल्या जुन्या मशीनवर हे करायचं असेल, तर आधी `python3 --version` बघून घ्यावं.

दहा जण एकदम घेऊ शकतात, पण प्रत्येकाला वेग किती मिळणार हे सर्व्हरच्या हातात नाही. तो वेग हवा ठरवते. वायफायच्या एका चॅनेलवर एका क्षणी एकच उपकरण बोलू शकतं. दहा जणांना ६ जीबी द्यायचे म्हणजे ६० जीबी हवेतून जायचे, कारण प्रत्येकाची प्रत वेगळी जाते. त्यात देणारा लॅपटॉपही वायफायवरच असेल, तर प्रत्येक तुकडा आधी लॅपटॉपकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून मित्राकडे जातो. तीच माहिती त्याच हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो.

आकड्यांत बघू. ५ गिगाहर्ट्झच्या चांगल्या राउटरवर, सगळे जवळ बसलेले असताना, हवेतून सेकंदाला ५० एमबी प्रत्यक्ष जातात असं धरू. लॅपटॉपही वायफायवर असल्याने हाती पडतात २५. ६० जीबीला लागतात २४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटं. आता तोच लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. पहिली खेप तारेतून जाते, हवा फक्त मित्रांसाठी उरते आणि काम २० मिनिटांत होतं. २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या राउटरवर सेकंदाला ५ एमबी मिळत असतील, तर केबल लावूनही तीन तास वीस मिनिटं लागतील, आणि न लावता सहा तास चाळीस मिनिटं. तेव्हा लॅपटॉपची रॅम, प्रोसेसर वगैरे बघत बसण्यापेक्षा एक केबल शोधावी. मागच्या बाकावरच्या ज्याचा सिग्नल क्षीण आहे त्यालाही पुढे बोलवावं. तो हळू बोलतो, म्हणून हवा जास्त वेळ अडवतो, आणि त्याची किंमत सगळे मोजतात.

सगळ्यांनी एकदम सुरू करावं की पाळीपाळीने? एकूण वेळ सारखाच लागतो. एकदम सुरू केलं तर सगळ्यांची फाईल ४० मिनिटांच्या अखेरीस पूर्ण होते. पाळीने गेलं तर पहिला चार मिनिटांत मोकळा होतो. हा फरक या सर्व्हरच्या दुसऱ्या मर्यादेमुळे फार महत्त्वाचा ठरतो. आज लॅबमध्ये सर्रास आढळणाऱ्या आवृत्त्यांत त्याला फाईलचा मधला भाग पाठवता येत नाही. ब्राउझरने ‘पाच जीबी आले आहेत, पुढचं दे’ असं मागितलं तरी तो पहिल्या बाइटपासून सगळं पुन्हा देतो. पस्तिसाव्या मिनिटाला लॅपटॉप झोपी गेला, तर एकदम सुरू करणाऱ्या दहाही जणांची मेहनत वाया जाते. पाळीने जाणाऱ्यांपैकी आठ जण तोवर सुटलेले असतात. म्हणून एका वेळी दोघा-तिघांनीच घ्यावं आणि देणाऱ्या लॅपटॉपचं स्लीप बंद ठेवून चार्जर लावावा. नेटवर्क फारच डळमळीत असेल तर ७-झिपने फाईलचे एकेक जीबीचे तुकडे करून ठेवावेत. जोडणी तुटली तरी जास्तीत जास्त एक जीबीच पुन्हा घ्यावा लागतो.

सर्व्हरची टर्मिनल खिडकी मिटवू नये, कारण काय चाललं आहे ते तिथे कळतं. कुणी फाईल मागितली की अशी ओळ उमटते:

```
192.168.1.14 - - [12/Aug/2024 11:02:14] "GET /ubuntu.iso HTTP/1.1" 200 -
```

डावीकडे कोणी मागितलं, मध्ये काय मागितलं, आणि शेवटी २०० म्हणजे मागणी मान्य. इथे एक फसगत होते. ही ओळ फाईल पाठवायला सुरुवात होताना लिहिली जाते, पाठवून झाल्यावर नव्हे. २०० दिसलं म्हणजे मित्राला फाईल मिळाली असं मानू नये. मध्येच तुटलं तर नंतर `BrokenPipeError` किंवा `ConnectionResetError` अशा शब्दांनी संपणारा लांबलचक मजकूर येतो. सर्व्हर बिघडला असं वाटतं, पण समोरचा निघून गेला एवढाच त्याचा अर्थ, आणि सर्व्हर चालूच राहतो. कधी ४०० या आकड्यासोबत `\x16\x03\x01` असली अगम्य अक्षरं येतात. मित्राच्या ब्राउझरने आपणहून `https` लावलं आणि साध्या सर्व्हरशी सांकेतिक भाषेत बोलू लागला, ही त्याची खूण. पत्ता `http://` सकट पूर्ण लिहायला सांगावा. फाईल खरोखर अखंड आली का, हे दोन्हीकडे `sha256sum` चालवून बघावं. विंडोजवर त्यासाठी `certutil -hashfile ubuntu.iso SHA256`. दोन्हीकडची लांब ओळ अक्षरशः सारखी आली, तरच फाईल खरी.

आणि टर्मिनलमध्ये एकही ओळ उमटली नाही तर? मग मागणी सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, आणि मित्राच्या पडद्यावरून कारण कळतं. जोडणी नाकारली असा संदेश लगेच आला, तर पत्ता किंवा पोर्ट चुकला किंवा सर्व्हर बंद आहे. चक्र बराच वेळ फिरून वेळ संपल्याचा संदेश आला, तर मध्ये कुणीतरी मागण्या गिळतो आहे. तो बहुधा विंडोजचा फायरवॉल असतो. पहिल्यांदा सर्व्हर सुरू करताना त्याने विचारलेल्या प्रश्नाला घाईत ‘कॅन्सल’ केलेलं असतं. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पायथॉनला परवानगी द्यावी. तरीही जमलं नाही, तर कॉलेजच्या वायफायवर संशय घ्यावा. कॉलेजं आणि वसतिगृहं बऱ्याचदा सुरक्षेसाठी एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू देत नाहीत, फक्त इंटरनेटकडे जाऊ देतात. यावर सर्व्हरच्या बाजूने काही उपाय नाही. अशा वेळी देणाऱ्या लॅपटॉपचाच मोबाईल हॉटस्पॉट सुरू करावा. विंडोजवर त्याला आठ उपकरणं जोडता येतात आणि लॅपटॉपचा पत्ता बहुधा `192.168.137.1` असतो. यात मधला राउटर उरत नाही, त्यामुळे माहिती हवेतून एकदाच जाते.

आता सावधगिरी. हा सर्व्हर कुणालाही पासवर्ड विचारत नाही आणि काही लपवत नाही. सुरू असेपर्यंत त्या नेटवर्कवरच्या कुणालाही फोल्डरातलं सगळं मिळतं, आतले फोल्डर आणि टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींसकट. घाईघाईत होम फोल्डरातून चालवला तर `.ssh` मधल्या खासगी किल्ल्याही यादीत येतात. आत दुसऱ्या जागेकडे नेणारी सिमलिंक असेल तर तो तिच्यामागेही जातो. आत मात्र कुणाला काही टाकता येत नाही. तो फक्त देतो, घेत नाही. म्हणून मित्राची असाइनमेंट गोळा करायला तो कामाचा नाही. पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलं आहे की खऱ्या वेबसाइटसाठी हा वापरू नये. त्यातल्या सुरक्षा-तपासण्या प्राथमिक आहेत.

या मर्यादा मान्य केल्या तर एका वर्गापुरतं, एका तासापुरतं काम तो चोख करतो. वाटायचं तेवढंच एका वेगळ्या फोल्डरात ठेवा, लॅपटॉप केबलला लावा, दोघा-तिघांची पाळी लावा, आणि शेवटच्याची फाईल तपासून झाली की `Ctrl+C` दाबून सर्व्हर बंद करा.